तीन तारांत सोळा माळा: शिफ्ट रजिस्टरमध्ये क्लॉकच्या प्रत्येक कडेला काय घडतं

श्रावण लागला की बेळगावात लायटिंगच्या कामांना ऊत येतो. शहापूर, वडगाव, अनगोळ, कुठल्याही गल्लीत जा, कुणीतरी पोरगा मंडळाच्या कमानीसाठी बोर्ड सोल्डर करत बसलेला दिसेल. मागणी साधारण ठरलेली असते: कमानीवर सोळा माळा, प्रत्येक स्वतंत्रपणे लागायला-विझायला हवी, आणि कंट्रोलर म्हणून आर्डुइनो ऊनो. ऊनोला डिजिटल पिना चौदा, त्यातल्या दोन संगणकाशी बोलण्यात गुंतलेल्या. सोळा माळांना पिना पुरत नाहीत आणि कमानीवरून सोळा तारा ओढण्यातही अर्थ नाही.

यावरचा उपाय म्हणजे ७४एचसी५९५ हा शिफ्ट रजिस्टर. एका तारेवरून बिट एकामागून एक आत घ्यायचे आणि आठ पिनांवर एकदम बाहेर मांडायचे, एवढंच त्याचं काम. दोन आयसी जोडले की सोळा माळा झाल्या. बहुतेक जण `shiftOut()` ही तयार आज्ञा लिहितात, दिवे लागतात आणि काम झालं असं वाटतं. खरी अडचण दुसरा बोर्ड कमानीच्या पलीकडच्या खांबावर गेल्यावर येते. दिवे भलतेच लागतात, आणि क्लॉकच्या कोणत्या क्षणी आत काय होतं हे माहीत नसेल तर दुरुस्ती अंदाजाने चालते. म्हणून या लेखात मी एकच आयसी घेतला आहे आणि त्याच्या क्लॉकची एकेक कड थांबून पाहिली आहे.

जोडणी

आयसीची खाच डावीकडे ठेवा. खालच्या ओळीत डावीकडून पिन १ ते ८ येतात आणि वरच्या ओळीत उजवीकडून परत येताना ९ ते १६. पिन १६ ला ५ व्होल्ट, पिन ८ ला ग्राउंड. या दोन पिनांच्या मध्ये, आयसीला जितका खेटून बसेल तितका, १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. तो वगळून चालेल असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. आठही आउटपुट एकदम बदलतात तेव्हा आयसी क्षणभर जोराचा करंट ओढतो, आणि तो जवळच्या कपॅसिटरमधून मिळाला नाही तर पुरवठ्यात खड्डा पडतो.

आउटपुट पिनांची मांडणी थोडी फसवी आहे. पहिलं आउटपुट, म्हणजे क्यू०, पिन १५ वर आहे, आणि क्यू१ ते क्यू७ समोरच्या बाजूला पिन १ ते ७ वर. बऱ्याच जणांचा पहिला दिवा इथेच चुकतो. डेटा आत जातो पिन १४ वर, शिफ्ट-क्लॉक पिन ११ वर, लॅच पिन १२ वर. पिन १० ही आतला डेटा पुसणारी पिन आहे आणि ती शून्यावर गेली की पुसते, म्हणून तिला ५ व्होल्टला बांधा. पिन १३ शून्यावर असेल तरच आउटपुट चालू राहतात. आत्ता प्रयोगापुरती ती ग्राउंडला जोडा, कमानीवर चढवताना तिच्याकडे परत यावं लागेल. पिन ९ ही पुढच्या आयसीकडे जाणारी साखळीची पिन. ती सध्या मोकळी सोडा.

आठ आउटपुटांना आठ लाल एलईडी लावा, प्रत्येकाला ४७० ओहमचा रेझिस्टर. घरात २२० ओहमचे पडलेले असतात म्हणून ते लावायचा मोह होतो, पण आधी हिशेब करा. ५ व्होल्टमधून लाल एलईडीचे सुमारे २ व्होल्ट वजा केले की ३ उरतात. ३ भागिले २२० म्हणजे दर एलईडीला साधारण १३.६ मिलिअँपिअर, आठांचे मिळून १०९. या आयसीच्या पुरवठा आणि ग्राउंड पिनांमधून जाणाऱ्या एकूण करंटची कमाल मर्यादा ७० मिलिअँपिअर आहे. ४७० ओहमला हाच आकडा ५१ वर येतो आणि एलईडी टेबलावर पुरेसे उजळ दिसतात. कमानीवरच्या १२ व्होल्टच्या माळा तर थेट या पिनांवर कधीच लावायच्या नाहीत. त्यांच्यासाठी मध्ये यूएलएन२८०३ सारखा ड्रायव्हर लागतो. तो माळेचा ग्राउंडकडचा रस्ता उघडतो आणि बंद करतो.

ऊनोऐवजी ३.३ व्होल्टचा कंट्रोलर वापरत असाल तर एक गोष्ट आधीच बघा. ५ व्होल्टवर चालणाऱ्या एचसी जातीच्या आयसीला 'एक' ओळखायला सुमारे ३.५ व्होल्ट लागतात. ३.३ व्होल्टवर तो कधी चालतो, कधी अडतो, आणि अशी अर्धवट चालणारी जोडणी शोधायला सर्वांत त्रासदायक. आयसीलाच ३.३ व्होल्ट द्या किंवा ७४एचसीटी५९५ घ्या. त्याला २ व्होल्ट पुरतात.

बटण नको, संथ क्लॉक हवा

एकेक कड हाताने द्यावी म्हणून काही जण शिफ्ट-क्लॉकच्या पिनेवर साधं पुश बटण लावतात. ते करू नका. बटणाचे पत्रे टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात, आणि एका दाबात आयसीला पाच-दहा कडा दिसू शकतात. त्याऐवजी ऊनोकडूनच अतिशय संथ क्लॉक घ्या.

```cpp
const int DATA = 2, CLK = 3, LATCH = 4;

void sendByte(byte v) {
  for (int i = 7; i >= 0; i--) {
    digitalWrite(DATA, bitRead(v, i));
    delay(1000);
    digitalWrite(CLK, HIGH);
    delay(1000);
    digitalWrite(CLK, LOW);
  }
  digitalWrite(LATCH, HIGH);
  digitalWrite(LATCH, LOW);
}

void setup() {
  pinMode(DATA, OUTPUT);
  pinMode(CLK, OUTPUT);
  pinMode(LATCH, OUTPUT);
  sendByte(0xB2);
}

void loop() {}
```

हा प्रोग्राम चालवला की साधारण सोळा सेकंद दिव्यांमध्ये काहीच हलत नाही, आणि मग सगळे दिवे एका क्षणात नव्या जागी येतात. या सोळा सेकंदांत आत जे होतं ते समजून घ्यायचं आहे.

आयसीच्या आत एकेक बिट धरून ठेवणाऱ्या आठ-आठ फ्लिपफ्लॉपच्या दोन रांगा आहेत. पहिली रांग सरकणारी. शिफ्ट-क्लॉक खालून वर जातो त्या क्षणी, म्हणजे चढत्या कडेला, ती एक घर पुढे सरकते. दुसरी रांग साठवणारी. लॅचच्या चढत्या कडेला ती पहिल्या रांगेतल्या आठही बिटांची नक्कल एकदम उतरवून घेते, आणि बाहेरच्या पिनांवर दिसतं ते या दुसऱ्या रांगेतलं. क्लॉक वर स्थिर असताना, खाली स्थिर असताना किंवा वरून खाली येताना दोन्ही रांगांमध्ये काहीही बदलत नाही. उतरती कड या आयसीसाठी जणू नसतेच. तिचा उपयोग एवढाच की पुन्हा चढायला क्लॉक आधी खाली यावा लागतो.

चढत्या कडेला नवा बिट पहिल्या घरात येतो, पहिल्या घरातला दुसऱ्यात जातो, असं आपण बोलतो. त्यामुळे एक घर सरकल्यावर मगच दुसरं सरकतं असं वाटू शकतं. तसं नाही. खानापूर भागात घर शाकारताना माणसं ओळीने शिडीवर उभी राहून कौलं वर चढवतात, तेव्हा एका हाकेला प्रत्येक जण हातातलं कौल वरच्याला देतो आणि त्याच क्षणी खालच्याचं घेतो. प्रत्येकाला मिळतं ते खालच्याच्या हातात हाकेच्या आधी असलेलं कौल. फ्लिपफ्लॉप हेच करतो. कड येण्याच्या आधी शेजाऱ्याकडे काय होतं ते तो पकडतो आणि कड होऊन गेल्यावर थोड्या वेळाने ते आपल्या आउटपुटवर दाखवतो. या 'आधी' आणि 'थोड्या वेळाने' वरच साखळी चालते, आणि कमानीवरचा बिघाडही इथेच होतो.

आता `0xB2` घ्या. बिट लिहिले की १०११००१० होतात. वरचा प्रोग्राम सर्वांत डावीकडचा बिट आधी पाठवतो. सुरुवातीला पहिली रांग रिकामी आहे असं धरू.

```
कड   आत आला   Q0 Q1 Q2 Q3 Q4 Q5 Q6 Q7
 -     -      0  0  0  0  0  0  0  0
 1     1      1  0  0  0  0  0  0  0
 2     0      0  1  0  0  0  0  0  0
 3     1      1  0  1  0  0  0  0  0
 4     1      1  1  0  1  0  0  0  0
 5     0      0  1  1  0  1  0  0  0
 6     0      0  0  1  1  0  1  0  0
 7     1      1  0  0  1  1  0  1  0
 8     0      0  1  0  0  1  1  0  1
```

तक्ता वरून खाली वाचताना पहिल्या कडेला आलेल्या १ वर बोट ठेवा. तो दर ओळीला एक घर उजवीकडे जातो आणि आठव्या कडेला क्यू७ वर पोचतो. म्हणजे सर्वांत आधी पाठवलेला बिट सर्वांत लांब जाऊन बसतो. शेवटची ओळ क्यू७ पासून क्यू० कडे उलटी वाचली की १०११००१० मिळतं, जे पाठवलं तेच. तुमच्या ब्रेडबोर्डवर चित्र आरशासारखं उलटं आलं तर बहुतेक वेळा बिटांचा क्रम उलटा पाठवलेला असतो. `shiftOut()` मध्ये `MSBFIRST` च्या जागी `LSBFIRST` गेलं की नेमकं हेच होतं.

या आठ कडा डोळ्यांनी पाहायच्या असतील तर लॅचच्या दोन ओळी `for` च्या कंसात, `digitalWrite(CLK, LOW)` च्या खाली हलवा. आता प्रत्येक सरकण्यानंतर लॅच होईल आणि तक्त्यातली एकेक ओळ एलईडींवर उमटेल. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी हा प्रयोग कागदावर तक्ता लिहून, दर ओळीला थांबून करायला लावतो. दिवे आणि तक्ता जुळले की लॅच कशासाठी असतो हे वेगळं समजावावं लागत नाही, कारण लॅच पुन्हा बाहेर नेल्यावर मधल्या सात अवस्था दिव्यांवरून गायब होतात आणि फक्त शेवटची उरते. ७४एचसी१६४ या आयसीत दुसरी रांग नाही. त्याच्यावर माळा लावल्या तर दर वेळी नवं चित्र पाठवताना मधल्या अवस्था बाहेर पडतात आणि विझलेल्या माळाही हलक्या लुकलुकतात.

कधी कधी पिना वाचवायला पिन ११ आणि १२ एकत्र बांधलेल्या दिसतात. ते चालतं, पण चित्र एक कड मागे राहतं. दोन्ही रांगांना कड एकदमच मिळते आणि दुसरी रांग पहिलीची कडेच्या आधीची अवस्था उतरवते. आठ कडांनंतर बाहेर तक्त्यातली सातवी ओळ दिसते, आठवी पाहायला नववी कड द्यावी लागते.

नॅनोसेकंदांचा हिशेब

वरच्या प्रोग्राममध्ये सगळं सेकंदांत चाललंय. आयसीला प्रत्यक्षात किती वेळ लागतो? ४.५ व्होल्ट आणि साधारण खोलीच्या तापमानाला माहितीपत्रकातले आकडे असे आहेत, उत्पादकागणिक थोडेफार इकडेतिकडे. डेटाच्या तारेवरचा बिट शिफ्ट-क्लॉकच्या चढत्या कडेच्या आधी सुमारे २० नॅनोसेकंद स्थिर हवा. कड होऊन गेल्यावर तो टिकायची गरज जवळपास नाही, शून्य ते ३ नॅनोसेकंद पुरे. क्लॉक वर निदान १६ ते २० नॅनोसेकंद राहायला हवा आणि खालीही तेवढाच. शेवटच्या शिफ्ट-कडेनंतर लॅचची कड सुमारे १५ ते २० नॅनोसेकंदांनी यावी, नाहीतर दुसरी रांग अजून न बसलेला बिट उचलू शकते.

ऊनोवर एका `digitalWrite` ला काही मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे गरजेपेक्षा शंभरपटीहून जास्त. म्हणून प्रोग्राममधले `delay` काढून टाकले तरी टेबलावर काही बिघडत नाही. हार्डवेअर एसपीआय ८ मेगाहर्ट्झला चालवला तर पूर्ण फेरी १२५ नॅनोसेकंदांची होते. मोड शून्यात डेटा उतरत्या कडेला बदलतो आणि चढत्या कडेला वाचला जातो, म्हणजे स्थिर व्हायला ६२ नॅनोसेकंद मिळतात. तेही पुरतात, पण छोट्या तारांवर. पुरवठा कमी केला की हे सगळे आकडे वाढतात, २ व्होल्टला तर २० चे १०० होतात.

दुसरा आयसी जोडताना

पहिल्याची पिन ९ दुसऱ्याच्या पिन १४ ला जोडा. शिफ्ट-क्लॉक आणि लॅच दोघांना सामायिक. आता सोळा कडा द्यायच्या आणि मग एकच लॅच. लांबच्या बोर्डाचा बाइट आधी पाठवायचा, कारण तोच ढकलला जाऊन पुढे जाणार आहे.

इथे एक प्रश्न पडायला हवा. दोन्ही आयसींना कड एकाच क्षणी मिळते. त्याच कडेला पहिल्याचा क्यू७ बदलतो. मग दुसरा आयसी जुना बिट उचलतो की नवा? जुना. कारण पिन ९ वरचा बिट कडेनंतर साधारण १७ नॅनोसेकंदांनी बदलतो, आणि दुसऱ्याला जुना बिट कडेनंतर फार तर ३ नॅनोसेकंद टिकायला हवा असतो. ही जी चौदा-पंधरा नॅनोसेकंदांची फट आहे, तिच्या भरवशावर कितीही आयसींची साखळी चालते. दुसऱ्या आयसीकडे क्लॉक या फटीपेक्षा जास्त उशिरा पोचला, तर तोवर पिन ९ वर नवा बिट आलेला असतो आणि दुसरा तोच उचलतो.

केबलमध्ये सिग्नलला मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. आठ मीटरला ४० होतात, पण क्लॉक आणि डेटा एकाच केबलमधून एकाच दिशेने जात असतील तर दोघांनाही तेवढाच उशीर होतो आणि फट तशीच राहते. फट मोडते ती फक्त क्लॉकला वेगळा उशीर झाला की.

सोळाव्या पावलाला अंधार

एका मंडळाची कमान माझ्याकडे आली होती ती याच कारणाने. डाव्या खांबावर कंट्रोलर आणि पहिला बोर्ड, उजव्या खांबावर दुसरा बोर्ड, मध्ये आठ मीटरची केबल. शेजारच्या हलत्या देखाव्याची मोटर चालू-बंद झाली की दुसऱ्या बोर्डावरचे दिवे क्षणभर विस्कटायचे, म्हणून कुणीतरी त्या बोर्डाच्या क्लॉकवर १ किलोओहम आणि १ नॅनोफॅरडची गाळणी बसवली होती, त्यानंतर संथ कड पुन्हा तीव्र करणारा एक श्मिट गेटही. विस्कटणं थांबलं. पण आता, ते पोरगं म्हणालं, "काका, डाव्या बाजूची आठवी लावली की उजवीकडची पहिली आपोआप लागतेय बघा. आणि शेवटची लावायला गेलं तर काहीच लागेना."

अशा वेळी कोडमध्ये हात घालण्याआधी एक चाचणी करा. सोळा पावलांची, प्रत्येक पावलाला एकच दिवा, पहिल्यापासून सोळाव्यापर्यंत. त्या कमानीवर पावलं एक ते सात बरोबर आली. आठव्या पावलाला आठवी आणि नववी, दोन्ही लागल्या. नवव्या पावलाला दहावी, दहाव्याला अकरावी, असं एक-एक पुढे. पंधराव्याला सोळावी. सोळाव्या पावलाला एकही नाही.

तक्त्याशी जुळवून पाहा. १ आणि १ ची गाळणी क्लॉकला पाऊण मायक्रोसेकंदाच्या आसपास उशीर करते, आणि आपली फट आहे पंधरा नॅनोसेकंदांची. म्हणून दुसरा आयसी दर कडेला पहिल्याच्या क्यू७ ची जुनी नव्हे, नवी किंमत उचलत होता. सोळा कडांनंतर त्याच्या पहिल्या घरात पहिल्या आयसीचा आठवा बिट येऊन बसतो, बाकीचे सगळे एक घर पुढे जातात आणि शेवटचा बाहेर पडतो. बिघाड दर वेळी तंतोतंत सारखा येतो, हीच त्याची ओळख.

तारेवरच्या गोंगाटाने जादा कडा शिरत असतील तर चित्र वेगळं असतं. तेव्हा दिवे कधी एक घर, कधी तीन घरं सरकतात, मोटर किंवा ट्यूबलाइट चालू होताना सरकतात, आणि पुढच्या वेळी नवा डेटा पाठवला की आपोआप जागेवर येतात. सारखा तोच बिघाड म्हणजे वेळेचा प्रश्न, बदलता बिघाड म्हणजे गोंगाट. हे आधी ठरवलं की अर्धं काम होतं.

त्या कमानीवर आम्ही गाळणी काढली. कंट्रोलरच्या टोकाला क्लॉक आणि लॅचच्या तारेत प्रत्येकी १०० ओहम घातले, तसाच एक पिन ९ वरून निघणाऱ्या डेटाच्या तारेत. सिग्नल पाठवणाऱ्या टोकाला रेझिस्टर असला की तारेच्या शेवटाहून परत येणारी लाट तिथे शोषली जाते आणि कड दोनदा वर-खाली होत नाही. साध्या चपट्या वायरऐवजी संगणकाच्या नेटवर्कची केबल घेतली आणि तिच्या प्रत्येक पिळलेल्या जोडीत एक सिग्नल, एक ग्राउंड असं वाटप केलं.

दुसऱ्या बोर्डावर एकच ७४एचसी१४ बसवला. त्यात सहा श्मिट गेट असतात, आणि प्रत्येक गेट सिग्नल उलटा करत असल्याने तो सरळ ठेवायला एका तारेला दोन गेट लागतात. डेटा, क्लॉक आणि लॅच, तीन तारांना दोन-दोन म्हणजे बरोबर सहा. तिन्ही तारा एकाच आयसीच्या गेटांमधून गेल्याने उशीर तिघांनाही जवळपास सारखा होतो आणि पंधरा नॅनोसेकंदांची फट शाबूत राहते. फक्त क्लॉकलाच गेट लावला असता तर दोन गेटांच्या उशिराने ती फट पुन्हा धोक्यात आली असती. जुन्या काही आकृत्यांमध्ये लॅचच्या तारेवर ग्राउंडकडे कपॅसिटर दाखवलेला आढळतो. तोही काढून टाका. ५९५ ला ४.५ व्होल्टवर सुमारे ५०० नॅनोसेकंदांपेक्षा संथ चढणारी कड चालत नाही. अशा रेंगाळत्या कडेवर थोडा जरी गोंगाट बसला तरी एका कडेच्या दोन होतात.

शेवटची सवय म्हणजे चित्र बदललेलं नसलं तरी सोळाही बिट सेकंदातून वीसेक वेळा पुन्हा पाठवत राहणं. एखादी जादा कड शिरलीच तर तिचा परिणाम एका लुकलुकीपुरता उरतो.

लाइट जाऊन परत आली की

पावसाळ्यात मंडपातली वीज जाते आणि येते. वीज येताच ५९५ च्या दोन्ही रांगांमध्ये काय असेल ते सांगता येत नाही, आणि ऊनो बूट होण्यात थोडा वेळ घेतो. तोवर त्याच्या पिना मोकळ्या असतात. त्या काळात कुठल्याही माळा लागू शकतात, सगळ्या एकदम लागल्या तर पॉवर सप्लायवर भार येतो. पिन १० शून्यावर नेऊन हे सुटेल असं वाटतं, पण ती फक्त पहिली रांग पुसते. दुसरी रांग, म्हणजे बाहेर दिसणारी, लॅचची कड येईपर्यंत तशीच राहते.

म्हणून पिन १३ आता ग्राउंडवरून काढा. १० किलोओहमच्या रेझिस्टरने ती ५ व्होल्टकडे ओढून ठेवा आणि दोन्ही बोर्डांची ही पिन ऊनोच्या एका पिनेला, समजा ५ क्रमांकाच्या, जोडा. वीज आली की आउटपुट बंदच राहतील. `setup()` मध्ये आधी सोळा शून्य पाठवा, लॅच द्या, आणि मगच ती पिन `LOW` करा. यूएलएन२८०३ चं इनपुट मोकळं राहिलं तर तो बंदच असतो. त्याच्या जागी मॉसफेट वापरले असतील तर प्रत्येक गेटला १० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडकडे लावा, कारण आउटपुट बंद असताना ५९५ ची पिन ना वर असते ना खाली, आणि मोकळं गेट स्वतःच्या मर्जीने माळ पेटवतं.